M(b − a) ही मर्यादा कुठे पुरते आणि कुठे अपुरी पडते

प्रश्न: ∫₀¹ x²ⁿ/(1+x²) dx हे n वाढत जाताना शून्याकडे जाते असे दाखवायचे आहे. वर्गात शिकवलेली |∫f| ≤ M(b − a) ही असमानता लावली, तर प्रत्येक n साठी उत्तर १/२ च येते, ते कमीच होत नाही. माझी रीत चुकली, की ही असमानता इथे चालत नाही?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे आणि असमानताही खरी आहे. हे संकलन १/२ पेक्षा मोठे नाही, एवढेच ती सांगते आणि ते निर्विवाद आहे. तुम्हाला हवी असलेली माहिती मात्र त्या विधानात नाही. ती का नाही, हे समजून घेतले की पुढची वाट आपोआप दिसते. त्यासाठी या असमानतेच्या सिद्धतेत नेमके काय गमावले जाते ते आधी पाहू.

बंद अंतराल [a, b] वर f हे संकलनीय फल आहे आणि त्या अंतरालातील प्रत्येक x साठी |f(x)| ≤ M आहे, असे धरा. मग सर्वत्र −M ≤ f(x) ≤ M, म्हणून −M(b − a) ≤ ∫f ≤ M(b − a), आणि हेच केवल मूल्याच्या भाषेत |∫f| ≤ M(b − a). सिद्धता एका ओळीत संपते. मी मात्र विद्यार्थ्यांना ती दोन पायऱ्यांत लिहायला सांगतो: |∫f| ≤ ∫|f| ≤ M(b − a). पहिल्या पायरीत f च्या धन आणि ऋण भागांचे एकमेकांना छेदून जाणे आपण विसरतो. दुसऱ्या पायरीत |f| चा सगळा चढउतार पुसून त्याजागी M उंचीचा सपाट आयत ठेवतो. दोन्ही पायऱ्यांत काहीतरी हातचे जाते, पण ते वेगवेगळ्या कारणांनी जाते, आणि मर्यादा अपुरी पडली की कोणत्या पायरीवर घात झाला हे ओळखणे हेच खरे काम असते.

इथेच एका नेहमीच्या चुकीचा उल्लेख करतो. M हे f चे नव्हे, |f| चे मोठ्यात मोठे मूल्य असावे लागते. [0, 1] वर f(x) = x² − 2 घेतल्यास f चे महत्तम मूल्य x = 1 पाशी −1 आहे. ते पाहून M = 1 लिहिणारे दर वर्षी भेटतात. संकलनाची किंमत −5/3 आहे, म्हणजे तिचे केवल मूल्य १ पेक्षा मोठे आहे आणि असमानता मोडलेली दिसते. |f| चे महत्तम मूल्य x = 0 पाशी २ आहे, आणि 5/3 ≤ 2 हे ठीक आहे. तसेच f अंतरालावर बद्ध नसेल तर M अस्तित्वातच नसतो. ∫₀¹ dx/√x ची किंमत २ आहे, पण तिथे ही असमानता लिहिताच येत नाही.

आता तुमच्या उदाहरणाकडे येऊ. इथे संकल्य, म्हणजे ज्याचे संकलन करायचे ते फल, कुठेही ऋण नाही. त्यामुळे पहिल्या पायरीत काहीच गमावले जात नाही, सगळी गळती दुसऱ्या पायरीत आहे. फल 0 पासून 1 पर्यंत वाढत जाते आणि x = 1 पाशी त्याची किंमत १/२ असते, मग n कितीही असो. पण ही उंची ते किती रुंदीवर टिकवून ठेवते? n = 1000 घ्या. x²⁰⁰⁰ ची किंमत अर्ध्यावर यायला x सुमारे ०.९९९६५ पर्यंतच कमी व्हावा लागतो, आणि x = 0.995 पाशी ती १/२०००० च्याही खाली गेलेली असते. म्हणजे एक एकक लांबीच्या अंतरालात फलाला काही उंची आहे ती शेवटच्या काही सहस्रांशांत, आणि आपण मात्र तीच उंची पूर्ण अंतरालभर पसरवून आयत काढला. n वाढला की शिखर उंचीने तेवढेच राहते आणि रुंदीने बारीक होत जाते. M(b − a) ला केवळ उंची दिसते, रुंदी दिसत नाही.

म्हणून पहिला उपाय असा की अंतराल तोडायचे आणि हीच असमानता दोन तुकड्यांवर वेगवेगळी लावायची. 0 आणि 1 यांच्या दरम्यानचा एखादा δ घ्या. [0, 1 − δ] वर संकल्य (1 − δ)²ⁿ पेक्षा मोठे नाही आणि लांबी १ पेक्षा कमी आहे. [1 − δ, 1] वर संकल्य १/२ पेक्षा मोठे नाही आणि लांबी δ आहे. म्हणून

∫₀¹ x²ⁿ/(1+x²) dx ≤ (1 − δ)²ⁿ + δ/2.

दिलेल्या ε साठी आधी δ = ε निश्चित करा, म्हणजे दुसरे पद ε/2 होते. मग n इतका मोठा घ्या की (1 − ε)²ⁿ < ε/2 होईल. क्रम महत्त्वाचा आहे: δ आधी ठरतो आणि n नंतर, उलट नाही. n = 1000 आणि δ = 0.005 घेतल्यास पहिले पद सुमारे ०.००००४४ आणि दुसरे ०.००२५ येते, म्हणजे सगळे मिळून ०.००२६ पेक्षा कमी. नुसत्या M(b − a) ने ०.५ दिले होते. असमानता तीच वापरली, फक्त जिथे उंची आहे तिथे लांबी कमी ठेवली आणि जिथे लांबी आहे तिथे उंची कमी असल्याचा फायदा घेतला.

दुसरा उपाय याहून सुटसुटीत आहे आणि मला तोच अधिक आवडतो. संकल्य हा दोन घटकांचा गुणाकार आहे: x²ⁿ आणि 1/(1+x²). यांतला दुसरा घटक १ आणि १/२ यांच्या दरम्यानच फिरतो, तो जवळजवळ निरुपद्रवी आहे. पहिला घटकच सगळा खेळ करतो आणि त्याचे संकलन आपल्याला तोंडपाठ आहे. मग महत्तम मूल्य फक्त निरुपद्रवी घटकाचे घ्यायचे आणि खेळ करणाऱ्या घटकाला संकलनाच्या चिन्हाखालीच राहू द्यायचे:

∫₀¹ x²ⁿ/(1+x²) dx ≤ 1 · ∫₀¹ x²ⁿ dx = 1/(2n+1).

सर्वसाधारण रूपात हे |∫fg| ≤ M ∫|g| असे आहे, जिथे M ही |f| ची वरची मर्यादा आहे. g = 1 ठेवले की तुमची M(b − a) परत मिळते. म्हणजे वर्गात शिकवली जाते ती या असमानतेची सगळ्यात बोथट आवृत्ती आहे. परीक्षेत तुमचा प्रश्न आला तर ही एक ओळ पुरेशी आहे. n = 1000 साठी ती १/२००१, म्हणजे सुमारे ०.०००५ देते.

खरी किंमत किती आहे? या संकलनाला Iₙ म्हणू. x²ⁿ + x²ⁿ⁺² = x²ⁿ(1 + x²), म्हणून Iₙ + Iₙ₊₁ = 1/(2n+1). शिवाय n वाढला की Iₙ कमी होतो, कारण [0, 1] वर x²ⁿ कमी होते. म्हणून 2Iₙ हे Iₙ + Iₙ₊₁ पेक्षा मोठे आणि Iₙ + Iₙ₋₁ पेक्षा लहान आहे. यावरून

1/(4n+2) < Iₙ < 1/(4n−2).

दोन्ही बाजूंच्या मधोमध 1/(4n) बसतो. n = 1000 साठी तो ०.०००२५ आहे. आता हिशोब स्पष्ट होतो. M(b − a) ने १/२ दिले, खरी किंमत सुमारे 1/(4n) आहे, म्हणजे मर्यादा खऱ्या किमतीच्या सुमारे 2n पट फुगलेली आहे. शिखराची रुंदी अंतरालाच्या सुमारे 1/(2n) पट आहे, हीच गोष्ट इथे दुसऱ्या तोंडाने समोर आली.

हे संकलन कुठून येते तेही सांगायला हवे, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. भूमितीय श्रेढीच्या बेरजेवरून 1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − … ± x²ⁿ⁻² + (−1)ⁿ x²ⁿ/(1+x²). दोन्ही बाजूंचे 0 ते 1 संकलन केले की π/4 = 1 − 1/3 + 1/5 − … ± 1/(2n−1) + (−1)ⁿ Iₙ असे मिळते. केरळच्या गणितपरंपरेत माधवाच्या नावे सांगितली जाणारी, आणि युरोपात सतराव्या शतकात लायब्निझच्या नावावर गेलेली हीच ती श्रेणी. Iₙ म्हणजे n पदांनंतर उरलेली चूक. Iₙ शून्याकडे जातो असे दाखवणे म्हणजेच ही श्रेणी खरोखर π/4 कडे जाते असे दाखवणे. n = 1000 साठी π मधली चूक 4Iₙ, म्हणजे सुमारे ०.००१ असते, आणि हजार पदांची बेरीज ३.१४०५९२६५३… येते: तिसरा दशांश चुकलेला, पुढचे कित्येक बरोबर. माधवाच्या परंपरेत n पदांनंतर ±1/(4n) ही दुरुस्ती जोडण्याची रीत होती. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने मल्याळममध्ये लिहिलेल्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात तिची चर्चा सापडते. वरच्या दोन असमानतांच्या मधोमध 1/(4n) का बसला, याच्याशी त्या दुरुस्तीचा थेट संबंध आहे. हजार पदांच्या बेरजेत ०.००१ मिळवले की ३.१४१५९२६५३८ येते. नववा दशांशसुद्धा बरोबर.

आता हीच असमानता, हेच संकल्य आणि हीच बोथट मर्यादा घ्या, फक्त अंतराल बदला. tan 30° = 1/√3, म्हणून π/6 हे 1/(1+x²) चे 0 ते 1/√3 संकलन आहे. वरच्याच रीतीने π = √12 (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + …) ही श्रेणी मिळते. तीही माधवाच्याच परंपरेतली आहे. n पदांनंतरची चूक 6∫ x²ⁿ/(1+x²) dx इतकी, पण संकलन आता 0 ते 1/√3 आहे. संकल्य इथेही वाढतेच आहे, त्याचे महत्तम मूल्य उजव्या टोकाला (3/4)·(1/3ⁿ) आहे आणि अंतरालाची लांबी 1/√3. कोणतीही युक्ती न करता M(b − a) लावा:

चूक ≤ 6 · (1/√3) · (3/4) · 1/3ⁿ, म्हणजे सुमारे 2.6/3ⁿ.

ही मर्यादा झपाट्याने शून्याकडे जाते. पण ती खऱ्या चुकीच्या जवळ आहे का? मुळीच नाही. शिखर इथेही उजव्या टोकाला चिकटलेले आहे, त्याची रुंदी इथेही अंतरालाच्या साधारण 1/(2n) पट आहे, आणि मर्यादा इथेही सुमारे 2n पट फुगलेली आहे. n = 21 साठी 3²¹ = 10460353203, म्हणून मर्यादा सुमारे 2.5 × 10⁻¹⁰ येते, तर खरी चूक सुमारे 5.8 × 10⁻¹² आहे. फुगवटा ४२ पटींच्या आसपास, म्हणजे तुमच्या उदाहरणात n = 21 ठेवले असते तर आला असता तेवढाच.

मग एका ठिकाणी असमानता निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी कामाची का? समजा π ची चूक अकराव्या दशांशाच्या अर्ध्या एककाहून, म्हणजे 5 × 10⁻¹² हून कमी हवी आहे. M(b − a) वर विसंबले तर n = 25 घ्यावा लागतो; तिथे मर्यादा सुमारे 3.1 × 10⁻¹² येते. |∫fg| ≤ M∫|g| वापरली तर चूक √12/((2n+1)·3ⁿ) पेक्षा कमी असल्याचे कळते आणि n = 22 पुरतो, कारण तिथे ही राशी सुमारे 2.5 × 10⁻¹² आहे. म्हणजे बोथट हत्यार वापरल्याची किंमत तीन जास्तीची पदे. चाळीसेक पटींचा फुगवटा 3ⁿ च्या वेगासमोर तीन-चार पावलांत पचून जातो, कारण 3³ = 27 आणि 3⁴ = 81. तुमच्या [0, 1] च्या उदाहरणात मात्र खरी किंमतच 1/(4n) या गतीने कमी होते. फुगवटा 2n पट, आणि कमी होण्याचा वेगही तेवढाच. दोघांनी एकमेकांना पूर्ण खाऊन टाकले आणि १/२ उरले. दोन्हीकडे असमानतेची गळती सारखीच होती, फरक इतकाच की एकीकडे ती परवडत होती.

जाता जाता: माधवाच्या नावे जो श्लोक सांगितला जातो, त्यात 9 × 10¹¹ व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २८२७४३३३८८२३३ दिला आहे. भागाकार केला की ३.१४१५९२६५३५९२ येते, खऱ्या किमतीपासून सुमारे 2.4 × 10⁻¹² अंतरावर. √12 च्या श्रेणीची वीस-बावीस पदे या अचूकतेच्या टप्प्यात नेतात, हे वरच्या हिशोबावरून तुम्हीही ताडून पाहू शकता. जॉन मेशिनने १७०६ साली π चे शंभर दशांश काढले ते π/4 = 4 arctan(1/5) − arctan(1/239) या सूत्राने. तिथली अंतराले [0, 1/5] आणि [0, 1/239] असल्यामुळे M(b − a) लावूनही चूक प्रत्येक पदागणिक निदान पंचविसाव्या हिश्श्यावर येते. टोक 1 पासून दूर सारणे, हाच या सगळ्या सूत्रांमागचा डाव आहे.

तेव्हा n असलेले संकलन समोर आले की मी आधी एकच गोष्ट पाहतो: M स्वतः n बरोबर शून्याकडे जातो का? जात असेल तर M(b − a) लिहून मोकळे व्हावे, फुगवट्याची फिकीर करू नये. जात नसेल तर शिखर कुठे आहे आणि ते अरुंद होत आहे का, ते पाहावे. अरुंद होत असेल तर अंतराल तोडणे किंवा घटक वेगळे करणे, या दोनपैकी एक उपाय चालतो.

शिखर अरुंद होतच नाही, अशीही एक जात आहे, आणि तिथे हे दोन्ही उपाय हात टेकतात. ∫₀¹ sin(nx)/(1+x²) dx घ्या. हेही शून्याकडे जाते, पण M(b − a) येथे १ च्या जवळपासच अडकते. अंतराल कितीही तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्यावर महत्तम मूल्य घेतले तरी उपयोग होत नाही, कारण |sin(nx)| ची सरासरी 2/π असते आणि ∫|f| हे (2/π)(π/4) = 1/2 कडे जाते. इथे घात पहिल्या पायरीवर, |∫f| ≤ ∫|f| लिहिले त्याच क्षणी झाला आहे. संकलन लहान आहे ते धन आणि ऋण लाटा एकमेकींना छेदतात म्हणून, आणि केवल मूल्य आत नेताच ती छेदाछेद नाहीशी होते. म्हणून केवल मूल्य घेण्याआधी एकदा खंडशः संकलन करावे, म्हणजे ती छेदाछेद 1/n या घटकाच्या रूपाने बाहेर येते:

∫₀¹ sin(nx)/(1+x²) dx = 1/n − cos(n)/(2n) − (1/n) ∫₀¹ 2x cos(nx)/(1+x²)² dx.

पहिल्या दोन पदांचे केवल मूल्य 3/(2n) पेक्षा जास्त होत नाही. उरलेल्या संकलनावर आता तीच जुनी M(b − a) लावा. 2x/(1+x²)² चे [0, 1] वरील महत्तम मूल्य x = 1/√3 पाशी सुमारे ०.६५ आहे आणि लांबी १, म्हणून ते संकलन ०.६५ पेक्षा मोठे नाही. सगळे मिळून संकलनाचे केवल मूल्य 2.15/n पेक्षा कमी राहते, आणि ते शून्याकडे जाते.